नेटचा अर्ज : प्रवर्गाचा रकाना आणि विषयाचा क्रमांक

एम.ए. झालेल्या किंवा शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींच्या घरांत वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांसाठी, यूजीसी-नेटचा अर्ज भरला जातो. तीन तासांची परीक्षा, दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण आणि चुकलेल्या उत्तराला दंड नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. अभ्यासासाठी सहा-आठ महिने काढलेले असतात. अर्ज मात्र शेवटच्या दोन दिवसांत, बहुतेक वेळा नेट कॅफेवाल्याच्या हातून, अर्ध्या तासात उरकला जातो. या अर्ध्या तासात प्रवर्ग आणि विषय या दोन रकान्यांत जे निवडलं जातं, त्यावर पुढे गुणांची अट, वयाची अट, कट-ऑफ आणि प्रमाणपत्राची किंमत ठरते. त्यामुळे या लेखात मी बाकीचे रकाने बाजूला ठेवून या दोघांबद्दलच सविस्तर लिहिणार आहे.

सुरुवात प्रवर्गापासून करू, कारण महाराष्ट्रातले उमेदवार सर्वांत जास्त तिथेच अडखळतात. आपल्या राज्यात जातीच्या दाखल्यावर एससी, एसटी, ओबीसी यांच्या जोडीला विजा-अ, भज-ब, भज-क, भज-ड, एसबीसी आणि आता एसईबीसी असे प्रवर्ग असतात. शाळेपासून शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, प्रवेशाचे अर्ज आपण याच नावांनी भरत आलेलो असतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ जी सेट परीक्षा घेतं, तिच्या अर्जातही राज्याचे प्रवर्ग असतात. नेट ही परीक्षा मात्र केंद्राची आहे. तिच्या अर्जात जनरल, जनरल-ईडब्ल्यूएस, ओबीसी-एनसीएल, एससी आणि एसटी एवढेच पाच पर्याय दिसतात. विजा-भज नाही, एसबीसी नाही, एसईबीसीही नाही. आपला शब्द यादीत सापडला नाही की मुलं गोंधळतात आणि जो पर्याय सुरक्षित वाटतो तो, म्हणजे जनरल, निवडून मोकळी होतात.

एका उमेदवाराचं उदाहरण घेऊन हे नीट पाहू. हा उमेदवार काल्पनिक आहे, पण त्याच्यासारखी परिस्थिती असणारे पुष्कळ आहेत. समजा, सागर जत तालुक्यातला आहे. त्याची जात धनगर, राज्याच्या दाखल्यावर प्रवर्ग भज-क. एम.ए. इतिहास, ५२.४ टक्के. मधे तीन-चार वर्षं एका खासगी शाळेत शिकवत होता, त्यामुळे वय ३२. त्याला संशोधनासाठी जेआरएफ हवी आहे. २०२३ पासून ती पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळते. ती नाहीच मिळाली तर निदान सहायक प्राध्यापकपदाची पात्रता पदरात पडावी, एवढी त्याची अपेक्षा आहे. कॅफेत त्याने दाखला पुढे केला. चालवणाऱ्याने यादी वरखाली करून पाहिली, ‘एनटी’ कुठे दिसेना, म्हणून त्याने जनरल टाकलं. सागरने ११५० रुपये भरले. पैसे थोडे जास्त गेले, पण गुणवत्तेवर पास होऊ, असं त्याच्या मनात आलं.

आता नियम लावून पाहू. जनरल आणि जनरल-ईडब्ल्यूएस या प्रवर्गांना पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के लागतात. सागरला आहेत ५२.४. जेआरएफसाठी वयाची मर्यादा ३० वर्षं आहे, सागर ३२ चा. म्हणजे जनरल म्हणून तो ना जेआरएफला पात्र आहे, ना सहायक प्राध्यापकपदाला. पेपरमध्ये त्याने कितीही गुण मिळवले तरी या दोन अटी बदलत नाहीत. प्रश्न गुणवत्तेचा राहतच नाही, कारण तो त्या रांगेत उभा राहायलाच पात्र नाही. त्याने ओबीसी-एनसीएल निवडलं असतं तर गुणांची अट ५० टक्क्यांवर आली असती, वयात पाच वर्षांची सवलत मिळून मर्यादा ३५ झाली असती, आणि शुल्क ६०० रुपये लागलं असतं. अनेकांच्या डोळ्यांत शुल्कातला ५५० रुपयांचा फरक भरतो. पण तो या सगळ्यातला सर्वांत किरकोळ भाग आहे.

आणि धनगर समाज केंद्राच्या ओबीसी यादीत महाराष्ट्रासाठी आहे. राज्यात भज-क म्हणून असलेला हाच समाज केंद्राच्या दृष्टीने ओबीसी ठरतो. विजा-भज आणि एसबीसीमधल्या इतर अनेक जातींचंही असंच आहे, पण ‘अनेक’ म्हणजे ‘सगळ्या’ नव्हे. जातीची पोटशाखा, स्पेलिंग, कधी राज्यातला भाग यांवरून फरक पडतो. त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नये. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या ncbc.nic.in या संकेतस्थळावर राज्यवार केंद्रीय यादी आहे. ती उघडून महाराष्ट्राच्या यादीत आपली जात दाखल्यावर लिहिली आहे त्याच नावाने शोधावी, आणि सापडली तर तिचा अनुक्रमांक लिहून ठेवावा. सापडली नाही तर राज्यात आरक्षण असूनही नेटच्या अर्जात ओबीसी-एनसीएल भरता येत नाही.

धनगर समाजाला अनुसूचित जमातीत घ्यावं, ही मागणी अनेक वर्षं चालू आहे. तिच्या बाजूने किंवा विरोधात कुणाचं काहीही मत असो, आज प्रमाणपत्रावर जे आहे तेच अर्जात भरावं लागतं. एसटी भरलं तर शुल्क ३२५ रुपयेच लागेल, पण पडताळणीच्या वेळी दाखला एसटीचा निघणार नाही आणि उमेदवारी रद्द होईल.

ओबीसी-एनसीएल निवडल्यावर सागरचं काम संपत नाही, खरं तर तिथे ते सुरू होतं. त्याच्या कपाटातला नॉन-क्रिमिलेयर दाखला राज्याच्या नमुन्यातला आहे. त्यावर भज-क लिहिलेलं आहे आणि राज्याच्या शासन निर्णयांचे संदर्भ आहेत. केंद्राच्या कामासाठी वेगळा नमुना लागतो. तो ओळखण्याची खूण सोपी आहे. केंद्राच्या दाखल्यात भारत सरकारच्या ज्या अधिसूचनेने ही जात इतर मागासवर्गात आली, तिचा क्रमांक आणि तारीख असते. शिवाय ८ सप्टेंबर १९९३ च्या केंद्रीय आदेशाचा उल्लेख करून उमेदवार प्रगत गटात मोडत नाही, असं लिहिलेलं असतं. हा मजकूर नसेल तर तो दाखला राज्याचा आहे. केंद्राच्या नमुन्यातला दाखला तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयातून मिळतो. सेतू केंद्रात किंवा महा ई-सेवा केंद्रात अर्ज देताना ‘केंद्र सरकारच्या नमुन्यातला हवा’ असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर सवयीने राज्याचाच तयार होतो.

याच ठिकाणी आणखी एक गैरसमज भेटतो. सागर शाळेत नोकरी करत होता, मग त्याचं उत्पन्न धरायचं का? नाही. प्रगत गट ठरतो तो आई-वडिलांच्या पदावरून आणि उत्पन्नावरून. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख आहे, आणि केंद्राच्या नियमात त्या मोजणीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. त्यामुळे ‘बाबांचा पगार आठ लाखांच्या वर गेला, आता आपण जनरल’ असं घरच्या घरी ठरवून टाकू नये. आणि ‘आपली शेती आहे म्हणजे आपण एनसीएल’ असंही नाही, कारण बापाचं पद वरिष्ठ असेल तर उत्पन्न न पाहताही मुलगा प्रगत गटात जाऊ शकतो. हे ठरवण्याचा अधिकार दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे.

ईडब्ल्यूएसबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल, कारण मराठा समाजातल्या उमेदवारांसमोर हा प्रश्न रोज येतो. राज्याचा २०२४ चा एसईबीसी कायदा राज्याच्या प्रवेशांना आणि नोकऱ्यांना लागू आहे. केंद्राच्या यादीत त्याला जागा नाही. एसईबीसी दाखला असलेल्याने नेटमध्ये जनरल भरावं, किंवा उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटींत बसत असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढून जनरल-ईडब्ल्यूएस भरावं. इथे कुटुंबाचं सगळं उत्पन्न धरलं जातं, पगार आणि शेतीसुद्धा. शेती पाच एकर किंवा अधिक असेल तर दाखला मिळत नाही. हा दाखला त्या-त्या आर्थिक वर्षापुरता असतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा चालत नाही. कुणबी नोंदीवरून ओबीसी दाखला निघाला असेल, तर वाट ओबीसी-एनसीएलची, ईडब्ल्यूएसची नव्हे. आणि एक गोष्ट पक्की लक्षात असू द्यावी. ईडब्ल्यूएसने शुल्क कमी होतं आणि स्वतंत्र राखीव जागांत नंबर लागू शकतो. पण पदव्युत्तरची ५५ टक्क्यांची अट किंवा जेआरएफची वयोमर्यादा त्याने शिथिल होत नाही. महिलांना मात्र प्रवर्ग कोणताही असो, जेआरएफच्या वयात पाच वर्षांची सवलत आहे.

गुणांबद्दल बोलतच आहोत तर तिथला एक काटेकोर नियम सांगतो. ५५ किंवा ५० टक्के मोजताना पूर्णांकात गोळाबेरीज चालत नाही. ५४.९९ म्हणजे ५४.९९. श्रेणी पद्धतीने निकाल लागलेल्यांनी आपल्या विद्यापीठाचंच रूपांतराचं सूत्र वापरावं. दहाने गुणणं, साडेनऊने गुणणं असले सर्वसाधारण आकडे आपल्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत दिलेले नसतील तर वापरू नयेत. शेवटच्या वर्षाला असलेल्यांना अर्ज करता येतो. निकाल लागल्यापासून दोन वर्षांत त्यांना तेवढ्या टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी पूर्ण करावी लागते.

प्रवर्गाचा परिणाम निकालातही दिसतो. दोन्ही पेपर मिळून जनरल आणि ईडब्ल्यूएसला किमान ४० टक्के, म्हणजे ३०० पैकी १२० गुण लागतात. राखीव प्रवर्गांना ३५ टक्के, म्हणजे १०५. हे फक्त उंबरठ्याचे गुण आहेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी सहा टक्के उमेदवार सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरतात, आणि हे सहा टक्के विषयवार आणि प्रवर्गवार वाटले जातात. म्हणून प्रत्येक विषयाचा आणि प्रत्येक प्रवर्गाचा कट-ऑफ वेगळा असतो. ओबीसी-एनसीएल भरलेल्या उमेदवाराने खुल्या गटाच्या कट-ऑफइतके गुण मिळवले तर त्याचा नंबर तिथेही लागतो. जनरल भरलेल्याला मात्र निकालानंतर ‘माझ्याकडे दाखला आहे’ म्हणून दुसऱ्या गटात जाता येत नाही.

आता विषयाकडे. नेटच्या प्रत्येक विषयाला एक ठरलेला क्रमांक आहे. मराठी ३८, हिंदी २०, इंग्रजी ३०, इतिहास ०६, अर्थशास्त्र ०१, राज्यशास्त्र ०२, समाजशास्त्र ०५, भूगोल ८०, वाणिज्य ०८, शिक्षणशास्त्र ०९, कोकणी ८५. नियम सरळ आहे : पदव्युत्तर पदवी ज्या विषयात, नेटही त्याच विषयात. आपला विषय यादीत नसेल तरच जवळचा विषय घ्यावा. गोंधळ होतो तो जिथे दोन विषय शेजारी-शेजारी वाटतात तिथे.

त्यातलं महाराष्ट्रात वारंवार दिसणारं उदाहरण एमएसडब्ल्यूचं आहे. समाजकार्याचा क्रमांक १० आहे. पण एमएसडब्ल्यू करताना ज्यांनी मनुष्यबळ व्यवस्थापनाचं विशेषीकरण घेतलं, त्यांना ५५ क्रमांकाचा विषय आपला वाटतो, कारण त्याच्या लांबलचक नावात कामगार कल्याण, औद्योगिक संबंध आणि मनुष्यबळ व्यवस्थापन हे सगळं आहे, आणि त्याचा अभ्यासक्रम त्यांनी शिकलेला असतो. काही जण समाजशास्त्र ०५ घेतात, कारण पुस्तकं सहज मिळतात. पण पदवीवर ‘समाजकार्य’ लिहिलेलं आहे आणि समाजकार्य हा विषय यादीत स्वतंत्रपणे आहे, त्यामुळे ‘जवळचा विषय’ घेण्याची मुभा इथे उरत नाही. एखाद्याने ५५ घेऊन परीक्षा पास केली तरी प्रमाणपत्रावर तोच विषय छापून येतो. पुढे समाजकार्य महाविद्यालयाची जाहिरात निघते, छाननी समिती पदवीचा विषय आणि नेटचा विषय समोरासमोर ठेवते, आणि अर्ज बाजूला पडतो. हे कळेपर्यंत दोन-तीन वर्षं गेलेली असतात, आणि दोष शोधायला गेलं तर तो त्या ड्रॉपडाउनमधल्या एका निवडीत सापडतो. या चुकीचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण या उमेदवाराने अभ्यास केलेला असतो, परीक्षा पास केलेली असते, आणि तरीही हातात उपयोगाचं काही नसतं.

अशाच जोड्या आणखी आहेत. राज्यशास्त्र ०२ आणि लोकप्रशासन १४. एम.कॉम. झालेल्यांसाठी वाणिज्य ०८, व्यवस्थापन १७ नव्हे. संस्कृतला तर दोन क्रमांक आहेत : २५ म्हणजे विद्यापीठीय एम.ए. संस्कृत, आणि ७३ म्हणजे ज्योतिष, व्याकरण, मीमांसा, न्याय वगैरे पारंपरिक शास्त्रं. ड्रॉपडाउनमध्ये दोन्ही ‘संस्कृत’ नावानेच सुरू होतात, म्हणून तिथे शेवटपर्यंत वाचावं. एम.एस्सी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित किंवा जीवशास्त्राच्या शाखा केलेल्यांना यूजीसी-नेटच्या यादीत आपला विषय सापडणारच नाही. त्यांच्यासाठी सीएसआयआर-नेट ही वेगळी परीक्षा आहे. पर्यावरणशास्त्र ८९ आणि संगणकशास्त्र ८७ मात्र यूजीसीकडेच आहेत. सेट आणि नेट या दोन परीक्षांच्या याद्या स्वतंत्र आहेत, त्यामुळे सेटच्या जुन्या अर्जावरचा क्रमांक इथे उतरवू नये.

चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झालेल्यांना जून २०२४ च्या सत्रापासून जेआरएफ आणि पीएच.डी. प्रवेशासाठी बसता येतं. त्यांना ज्या विषयात पीएच.डी. करायची तो विषय निवडण्याची मोकळीक आहे. ही मोकळीक पाहून पदव्युत्तर पदवी असलेले मित्रही विषय बदलतात. त्यांना ती लागू नाही.

विषयाबरोबर माध्यमाचा रकाना येतो. भाषाविषय सोडले तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. इतिहास, समाजशास्त्र मराठीतून शिकलेल्यांना मराठीचा पर्याय दिसणार नाही. मराठी ३८ चा दुसरा पेपर मराठीतच असतो.

आता चूक कुठे पकडायची ते. अर्ज पूर्ण भरल्यावर, पैसे भरण्याआधी, सगळे रकाने एका पानावर दिसतात. सागरने तिथे थांबून आपल्या दाखल्याशी आणि गुणपत्रिकेशी प्रवर्ग, विषय आणि त्याचा क्रमांक, पदव्युत्तर विषय, टक्केवारी आणि नाव ताडून पाहिलं असतं तर चूक तिथेच सापडली असती. नावाचं सांगतो, कारण आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी छापलेलं असतं आणि आधार कार्डावर ते शेवटी असतं. या दोहोंतला फरक आधी आधार दुरुस्त करून मिटवावा. मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्यावा, कॅफेवाल्याचा कधीच नको. हॉल तिकिटाची, दुरुस्तीची आणि निकालाची सूचना तिथेच जाते आणि हे दोन्ही नंतर बदलता येत नाहीत.

अर्जाची मुदत संपल्यावर काही दिवस दुरुस्तीची सोय उघडते, पण एकदाच. कोणते रकाने बदलता येतील हे त्या सत्राच्या सूचनेत दिलेलं असतं आणि प्रत्येक सत्रात ते तंतोतंत सारखं नसतं, म्हणून ugcnet.nta.ac.in वरची ताजी सूचनाच वाचावी. प्रवर्ग बदलल्यामुळे शुल्क वाढलं तर फरक भरावा लागतो. कमी झालं तर जास्तीचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे सागरने तिथे जनरलचं ओबीसी-एनसीएल केलं असतं तर त्याचे ५५० रुपये गेले असते, पण सत्र वाचलं असतं. एक गोष्ट मात्र कधीच करू नये. चूक लक्षात आल्यावर दुसऱ्या ईमेलने नवा अर्ज भरू नये. एका उमेदवाराचा एकच अर्ज असा नियम आहे, आणि दोन सापडले तर कारवाई होऊन दोन्ही जातात.

हॉल तिकीट मिळालं म्हणजे पात्रता मान्य झाली, असा समज सर्रास आहे. संगणक अर्ज घेतो आणि उमेदवाराने लिहिलेलं खरं धरून चालतो. पात्रता तपासली जाते ती पुढे, जेआरएफसाठी रुजू होताना विद्यापीठात किंवा नोकरीच्या मुलाखतीआधी महाविद्यालयात. तिथे मूळ दाखले टेबलावर येतात. अर्जातला प्रवर्ग आणि दाखल्यावरचा प्रवर्ग जुळला नाही, किंवा दाखला केंद्राच्या नमुन्यात नसला, तर निकाल कितीही चांगला असला तरी उमेदवारी त्या टप्प्यावरही रद्द होऊ शकते.

दुरुस्तीची मुदतही निघून गेल्यावर चूक दिसली, तर ईमेल करून, फोन करून प्रवर्ग किंवा विषय बदलून मिळत नाही. तेव्हा दाखल्याची तयारी लगेच सुरू करून पुढच्या सत्राचा अर्ज वेळेत आणि नीट भरावा. ३४ वर्षांच्या ओबीसी-एनसीएल उमेदवारासाठी हे सहा महिने फार महाग असतात, कारण जेआरएफची ३५ ची मर्यादा तोवर ओलांडली जाऊ शकते. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची मर्यादा नाही. त्यामुळे जेआरएफचं दार बंद झालं तरी त्याने ती परीक्षा ओबीसी-एनसीएल म्हणून आणि आपल्याच विषयात पुन्हा जरूर द्यावी.